मुलांची अर्धशिशी: आयबुप्रोफेन वजनाप्रमाणे किती, आणि नाकातला ट्रिप्टॅन केव्हा

प्रश्न: माझी मुलगी साडेदहा वर्षांची आहे, वजन 31 किलो. गेले सात-आठ महिने महिन्यातून तीनदा तरी कपाळ खूप दुखते, उलटी होते, खोलीत दिवा लावू देत नाही, झोपून उठली की बरी असते. डॉक्टरांनी मायग्रेन सांगितले आहे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेले सिरप एक चमचा देतो, पण काही फरक पडत नाही. वजनाप्रमाणे नक्की किती द्यायचे? आणि नाकात मारायचा ट्रिप्टॅनचा स्प्रे तिला चालेल का?

उत्तर:

तुमच्या बाटलीच्या लेबलावर बहुधा असे लिहिलेले असेल की 5 मिलीलिटरमध्ये आयबुप्रोफेन 100 मिलीग्रॅम आणि पॅरासिटामॉल 162.5 मिलीग्रॅम आहे. एक चमचा म्हणजे 5 मिलीलिटर धरले, तर मुलीच्या पोटात 100 मिलीग्रॅम आयबुप्रोफेन जाते. 31 किलोला भागले की किलोमागे जेमतेम 3 मिलीग्रॅम होतात. अर्धशिशीचा झटका थांबवण्यासाठी मुलांना एका वेळी किलोमागे 7.5 ते 10 मिलीग्रॅम द्यावे लागते आणि मी स्वतः, मनाई करण्यासारखे काही नसेल तर, 10 च्या जवळचा आकडा धरतो. याचा अर्थ तिला आजवर गरजेच्या एकतृतीयांशच औषध मिळत होते. माझ्याकडे ‘आयबुप्रोफेन लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची गोष्ट हीच असते, आणि म्हणून स्प्रेविषयी बोलण्याआधी हा हिशेब नीट करू.

31 किलोला 10 ने गुणले की 310 मिलीग्रॅम येतात. 5 मिलीलिटरमध्ये 100 मिलीग्रॅम असलेले साधे, म्हणजे फक्त आयबुप्रोफेनचे सिरप असेल, तर हे 15.5 मिलीलिटर होते. मापायला सोपे म्हणून 15 मिलीलिटर द्यावे, म्हणजे 300 मिलीग्रॅम. कमी बाजूचा आकडा, किलोमागे 7.5, धरला तर साडेअकरा मिलीलिटरच्या आसपास येतो. पंधरा मिलीलिटर हा आकडा ऐकून पालक दचकतात, कारण तापासाठी त्यांना पाच मिलीलिटरची सवय झालेली असते, आणि ती सवय बहुधा मूल तीन-चार वर्षांचे, तेरा-चौदा किलोचे असताना लागलेली असते. मूल वाढते आणि चमचा तेवढाच राहतो. घरातला चहाचा चमचा तर मापासाठी वापरूच नये, कारण कोणत्या चमच्यात किती मावते याचा काही नेम नसतो. बाटलीसोबत आलेले मापाचे झाकण, किंवा त्याहून चांगली म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी 10 मिलीलिटरची सुई नसलेली सिरिंज वापरावी. पंधरासाठी ती एकदा पूर्ण आणि एकदा अर्धी भरावी लागते.

एका वेळची वरची मर्यादा साधारण 400 मिलीग्रॅम धरतात. म्हणजे मुलाचे वजन 40 किलोच्या पुढे गेले की किलोच्या हिशेबाने मात्रा वाढवत नेऊ नये. मोठ्या, अंगाने भरलेल्या किशोरवयीन मुलाला यापेक्षा जास्त द्यायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. दुसरा डोस लागलाच तर सहा ते आठ तासांनी द्यावा आणि दिवसभरात मिळून किलोमागे 30 मिलीग्रॅमच्या वर जाऊ नये. तुमच्या मुलीसाठी ही मर्यादा साधारण 900 मिलीग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त तीन डोस होते. परंतु अर्धशिशीत एका दिवशी दोनपेक्षा जास्त डोस द्यावे लागत असतील, तर उपचाराचा पुन्हा विचार करण्याची ती खूण आहे.

आता एकत्र सिरपाची अडचण सांगतो, कारण ती आकड्यांतच लपलेली आहे. त्याच मिश्र सिरपाचे 15 मिलीलिटर दिले, तर आयबुप्रोफेन 300 मिलीग्रॅम बरोबर जाईल, परंतु सोबत पॅरासिटामॉलही 487.5 मिलीग्रॅम जाईल. किलोमागे ते 15 मिलीग्रॅमच्या किंचित वर आहे आणि एका वेळची नेहमीची कमाल मात्रा 15 च आहे. एकदा एवढे गेल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे. दोन तासांनी डोके थांबत नाही म्हणून आजी किंवा शेजारच्या काकू ‘नुसते पॅरासिटामॉल तरी दे’ म्हणतात आणि ते आधीच पोटात गेलेले आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अर्धशिशीसाठी घरात फक्त आयबुप्रोफेनचे सिरप वेगळे ठेवावे, किंवा मूल गोळी गिळत असेल तर 200 मिलीग्रॅमची गोळी ठेवावी. तुमची मुलगी गोळी गिळत असली, तर दीड गोळी म्हणजे नेमके 300 मिलीग्रॅम होते. मात्र गोळीवर मधोमध खाच असेल आणि वरचे आवरण तोडता येण्यासारखे असेल तरच ती अर्धी करावी.

पॅरासिटामॉल निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. फिनलंडमध्ये झालेल्या आणि 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना वेगवेगळ्या झटक्यांत आयबुप्रोफेन किलोमागे 10 मिलीग्रॅम, पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलीग्रॅम आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले तसेच दिसणारे द्रव्य, असे आळीपाळीने देऊन पाहिले होते. दोन्ही औषधे प्लासिबोपेक्षा सरस ठरली, पण दोन तासांत डोके पूर्ण थांबण्याची शक्यता आयबुप्रोफेनने अधिक होती. ज्या मुलाला आयबुप्रोफेन देता येत नाही, त्याला पॅरासिटामॉल पूर्ण मात्रेत देणे हा रास्त पर्याय आहे.

मात्रेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते. औषध पोटात पडून राहते आणि आतड्यात पोहोचायला उशीर होतो. शिवाय तास-दीड तास उलटला की दुखण्याची यंत्रणा अशी चेतवली जाते की मग तीच मात्रा अपुरी पडते. म्हणून दुखणे सुरू झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, मूल अजून बोलत-चालत असतानाच, पूर्ण डोस द्यावा. ‘थोडी वाट पाहू, आपोआप थांबेल’ हे मोठ्यांना सुचणारे शहाणपण इथे नुकसान करते. रिकाम्या पोटी असेल तर दोन बिस्किटे किंवा अर्धी वाटी दूधभात पुरे. जेवण तयार होईपर्यंत औषध थांबवू नये. उलटी औषधानंतर पंधरा-वीस मिनिटांच्या आत झाली आणि त्यात औषध दिसले, तर तो डोस एकदा पुन्हा देता येतो. त्यानंतर उलटी झाली तर किती शोषले गेले याचा अंदाज लागत नाही, आणि तेव्हा पुन्हा देऊ नये.

वेळ चुकण्याचे सगळ्यांत नेहमीचे ठिकाण शाळा असते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचे दुखणे बहुतेक वेळा मधल्या सुट्टीनंतर, बाराच्या सुमारास सुरू व्हायचे. बाई तिला बाकावर डोके ठेवून पडू द्यायच्या, शाळा सुटल्यावर रिक्षातून ती अडीचला घरी पोहोचायची आणि आई दारातच औषध पाजायची. मात्रा अगदी बरोबर होती, पण अडीच तास उशिरा, आणि तेही रिक्षात उलटी होऊन गेल्यावर. आम्ही केले एवढेच की औषधाचे नाव, मात्रा आणि ‘डोके दुखते म्हणताच द्यावे’ हे वाक्य लिहिलेली चिठ्ठी माझ्या सहीने शाळेत दिली आणि गोळ्यांची पट्टी वर्गशिक्षिकेकडे ठेवली. पुढच्या चार झटक्यांपैकी तीन वर्गातच थांबले. आणखी कोणतेही औषध लागले नाही.

आयबुप्रोफेन केव्हा देऊ नये हेही सांगितले पाहिजे. ताप असेल आणि आसपास डेंग्यू असेल, विशेषतः आपल्याकडे पावसाळ्यात व त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत, तर डोकेदुखी अर्धशिशीचीच आहे असे गृहीत धरून आयबुप्रोफेन देऊ नये. डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ताप मुळात अर्धशिशीचा भागच नसतो. दिवसभर उलट्या होऊन मूल सुकले असेल, लघवी झाली नसेल, तर त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. तेव्हा आधी पाणी, आणि ते पोटात टिकत नसेल तर दवाखाना. कांजिण्या, मूत्रपिंडाचा आजार, जठरातील व्रण, रक्त न गोठण्याचा विकार, किंवा अशा वेदनाशामकाने पूर्वी दमा उसळलेला असणे, या सर्वांत ते टाळावे. नुसता दमा आहे म्हणून मात्र ते आपोआप वर्ज्य होत नाही. पूर्वी कधी दिले होते आणि तेव्हा काय झाले हे विचारावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

आता स्प्रे. ट्रिप्टॅन ही वेदनाशामके नाहीत. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांवर आणि वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवर असलेल्या सेरोटोनिनच्या ठरावीक ग्राहींवर ती काम करतात आणि अर्धशिशीखेरीज इतर नेहमीच्या दुखण्यांवर उपयोगी पडत नाहीत. त्यांचा विचार मी केव्हा करतो? वजनाप्रमाणे पूर्ण मात्रेत, अर्ध्या तासाच्या आत दिलेले आयबुप्रोफेन तीनपैकी किमान दोन झटक्यांत अपुरे पडले तर. अपुरे पडणे म्हणजे दोन तासांनंतरही मूल अंथरुणातच असणे. डोक्यात किंचित जडपणा आहे पण ती उठून चित्र काढते आहे, तर औषध लागू पडले असे मी धरतो. आणि नाकातलाच ट्रिप्टॅन केव्हा? दुखणे सुरू होऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी होते तेव्हा, किंवा झटका इतक्या झपाट्याने चढतो की तोंडाने घेतलेले औषध पोहोचेपर्यंत उशीर होतो तेव्हा. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनेतही 12 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी तोंडाच्या ट्रिप्टॅनऐवजी नाकातल्या ट्रिप्टॅनचा विचार प्राधान्याने करावा असे म्हटले आहे.

वयाचा प्रश्न इथेच येतो. सुमाट्रिप्टॅनचा 10 मिलीग्रॅमचा नाकातला स्प्रे युरोपात 12 ते 17 वर्षांसाठी मान्य आहे. झॉल्मिट्रिप्टॅनचा स्प्रे अमेरिकेत 2015 पासून 12 वर्षांवरील मुलांना मान्य आहे आणि तिथे सुरुवातीची मात्रा 2.5 मिलीग्रॅम आहे. बारापेक्षा लहान मुलांसाठीचा पुरावा त्याहून तुटपुंजा आहे, पण अगदीच नाही असे नाही. फिनलंडमधल्याच 2004 च्या एका अभ्यासात 8 ते 17 वर्षांच्या मुलांना सुमाट्रिप्टॅनचा स्प्रे वजनाप्रमाणे दिला होता: 20 ते 39 किलोला 10 मिलीग्रॅम आणि 40 किलोच्या वर 20 मिलीग्रॅम. तो प्लासिबोपेक्षा सरस ठरला. म्हणजे तुमच्या मुलीला स्प्रे ‘चालेल का’ याचे प्रामाणिक उत्तर असे की आज नाही, कारण आयबुप्रोफेन अजून खऱ्या अर्थाने वापरूनच पाहिलेले नाही. ते नीट वापरूनही अपुरे पडले, तर बालमेंदूविकारतज्ज्ञ विचारपूर्वक, मान्यतेच्या वयाआधी देत आहोत हे तुम्हाला सांगून, 10 मिलीग्रॅमचा स्प्रे देऊ शकतात. उलट्या फारशा नसतील तर तोंडाने घ्यायचे रिझाट्रिप्टॅन हा दुसरा मार्ग आहे. ते अमेरिकेत 6 वर्षांपासून मान्य आहे आणि 40 किलोच्या खाली 5 मिलीग्रॅम देतात. मात्र जिभेवर विरघळणारी गोळी जिभेतून शोषली जाते हा समज चुकीचा आहे. ती लाळेबरोबर गिळलीच जाते, आणि उलटीची अडचण तिने सुटत नाही. झटके कमी व्हावेत म्हणून मूल प्रोप्रॅनोलॉल रोज घेत असेल, तर रिझाट्रिप्टॅनची रक्तातील पातळी वाढते. 40 किलोच्या खालील मुलाला तेव्हा ते देत नाहीत. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ही दोन औषधे अनेकदा दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असतात.

स्प्रे हातात आला की लेबलावरचा आकडा पाहावा. एका फवाऱ्यात किती मिलीग्रॅम आहे हे उत्पादनाप्रमाणे बदलते आणि एका वापराच्या उपकरणातला अर्धा फवारा मारता येत नाही. अशी उपकरणे मारून तपासायचीही नसतात. एका वडिलांनी चालतो का हे पाहायला तो हवेत दाबला आणि महागडा डोस छताकडे गेला. घरात दुसरा नव्हता. मुलाने आधी नाक शिंकरावे, ताठ बसावे, एक नाकपुडी बोटाने बंद करावी, दुसरीत टोक अलगद ठेवून फवारा दाबताना हळू श्वास आत घ्यावा आणि मग तोंडाने सोडावा. जोरात ओढला तर औषध थेट घशात उतरते आणि तोंड कडूजहर होते. तसेही काही भाग घशातून पोटात जातोच; नाकातून शोषला जाणारा भाग लवकर पोहोचतो, हा त्याचा फायदा. या कडू चवीची कल्पना मुलाला आधीच द्यावी, नाहीतर पहिल्याच अनुभवानंतर ते पुन्हा घ्यायला नकार देते. लगेच नंतर एखादी लिमलेटची गोळी चघळायला दिली की चालते.

मान, जबडा किंवा छातीत आवळल्यासारखे वाटणे, मुंग्या येणे, झोप येणे हे काही मुलांत होते आणि बहुधा तासाभरात ओसरते. पण पहिला डोस घरी, कोणीतरी मोठे जवळ असताना द्यावा. पहिल्या फवाऱ्याने काहीच फरक पडला नाही तर त्याच झटक्यात दुसरा मारू नये. बरे वाटून पुन्हा दुखू लागले तर किमान दोन तासांनी एकदा देता येतो, आणि 24 तासांत दोनच्या वर नाही. स्प्रे आणि आयबुप्रोफेन एकाच झटक्यात दिले तरी चालतात. ती वेगवेगळ्या वाटांनी काम करतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, कावासाकी आजारात त्या फुगलेल्या असणे, हृदयातील जास्तीच्या विद्युतमार्गामुळे होणारा ठोक्यांचा विकार, पूर्वीचा पक्षाघात, आटोक्यात नसलेला रक्तदाब, आणि झटक्यात अर्धे अंग लुळे पडणारी अर्धशिशी, यांत ट्रिप्टॅन देत नाहीत. म्हणून लिहून देण्याआधी मुलाचा रक्तदाब मोजलेला असावा. डोळ्यांपुढे नागमोडी चमकणाऱ्या रेषा आधी येत असतील, तर रेषा दिसताना न देता दुखणे सुरू होताच द्यावा.

आणखी एक तरुण रुग्ण आठवतो. तेरा वर्षांचा, 44 किलो, कबड्डी खेळणारा. 400 मिलीग्रॅम वेळेवर घेऊनही तीनपैकी दोन झटक्यांत वीस मिनिटांत उलटी. त्याच्या वहीत त्याने स्वतः लिहिले होते: ‘4.10 सुरू, 4.20 गोळी, 4.40 ओकलो, 6.30 अजून दुखतेय’. ही चार आकड्यांची ओळ मला तपासण्यांच्या जाड फायलीपेक्षा उपयोगी पडली. त्याला 10 मिलीग्रॅम सुमाट्रिप्टॅनचा फवारा दिला. पहिल्या झटक्यात दोन तासांत उठून बसला, दुसऱ्यात सर्दीने नाक चोंदलेले असल्याने काहीच झाले नाही, तिसऱ्यात पुन्हा उपयोग झाला. एका झटक्यावरून औषध पास किंवा नापास करू नये, तीन पाहावेत. या वयात प्लासिबोनेही पुष्कळ मुलांना बरे वाटते, त्यामुळे तर एका यशावर विसंबणे योग्य नाही.

तुम्हीही तशीच वही ठेवा: सुरू झाल्याची वेळ, औषधाची वेळ, किती मिलीलिटर, उलटी केव्हा, दोन तासांनी काय करत होती. तीन झटके असे नोंदवून मगच डॉक्टरांकडे स्प्रेचा विषय काढा. आयबुप्रोफेन आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त वेळा लागू नये. महिन्यातले 15 दिवस साधी वेदनाशामके किंवा 10 दिवस ट्रिप्टॅन असे तीन महिने चालले, तर औषधांमुळेच रोजची डोकेदुखी जडते. तुमच्या मुलीचे तीन झटके त्यापासून फार दूर आहेत, पण ते वाढून आठवड्याला एक झाले तर प्रतिबंधक उपचारांबद्दल विचारा.

अर्धशिशी हा शब्द मुलांच्या बाबतीत जरा फसवतो, हेही सांगून ठेवतो. मुलांत दुखणे बहुधा अर्ध्या डोक्यात नसून कपाळभर, दोन्ही बाजूंनी असते आणि झटका दोन तासांतही संपू शकतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांचे निदान तुमच्या वर्णनाशी जुळते. पण दुखणे नेहमी डोक्याच्या मागच्या बाजूलाच असेल, मुलीला झोपेतून उठवत असेल, सकाळी उठताच उलटी होत असेल, खोकताना किंवा शौचाला जोर करताना वाढत असेल, आठवड्यागणिक बळावत असेल, चालताना तोल जात असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा ताप व मान ताठ असेल, तर कोणताही डोस न मोजता त्याच दिवशी दाखवावे. अचानक, क्षणात, आयुष्यातले सर्वांत भयंकर दुखणे आले तर सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आणि बाटलीवर एक चिकटपट्टी लावून त्यावर ‘31 किलो, 15 मिली’ आणि आजची तारीख लिहा. दर तीन महिन्यांनी तिचे वजन करा आणि आकडा बदला. 35 किलोला ते साडेसतरा मिलीलिटर होईल, 40 ला 20, आणि तिथे थांबेल.